टोचणारा 'स', टचटच आणि श्वास: निवेदन साफ करणाऱ्या अवजारांची पार्श्वभूमी

माईक ओठांपासून वीतभर अंतरावर ठेवून केलेलं निवेदन हेडफोनवर ऐकलं, की टोचणारा 'स', जीभ टाळूपासून सुटतानाची टचटच आणि वाक्याआधी ओढलेला श्वास लगेच कानाला खटकतो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये या सगळ्यांवरचे उपाय शेजारीशेजारी मिळतात. पण ते जन्मले वेगवेगळ्या यंत्रांच्या दुखण्यातून, आणि त्यांच्या खोडी अजून तिथल्याच आहेत.

'स'चं दुखणं बोलपटांनी पुढे आणलं. तेव्हा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापला जाई आणि 'स'सारखे उंच आवाज तिथे सहज फाटत. त्यात संवाद एका पातळीवर ठेवायला कॉम्प्रेसर आला आणि 'स' आणखी बोचरा झाला. वॉर्नर ब्रदर्सच्या बी. एफ. मिलर यांनी १९४२ मध्ये अमेरिकी चित्रपट अभियंत्यांच्या नियतकालिकात या बिघाडाची आणि त्यावरच्या तोडग्याची मांडणी केली.

बिघाड आजच्या आकड्यांत पाहू. 'सा' म्हणताना 'आ'ची पातळी उणे १० डेसिबल आणि 'स'ची उणे २२ आहे, म्हणजे अंतर १२ डेसिबलचं. कॉम्प्रेसर उणे २० च्या उंबरठ्यावरचा आवाज दोनास एक या प्रमाणात दाबतो, म्हणजे वरचे १० डेसिबल ५ होतात. 'आ' उणे १५ वर येतो; 'स' मुळातच उंबरठ्याखाली, त्याला हातही लागत नाही. घटलेली पातळी भरून काढायला सगळं ५ डेसिबलने वाढवलं, की 'आ' पुन्हा उणे १० वर जातो, पण 'स' उणे १७ वर. अंतर उरलं ७. उणे ४५ वरचा श्वासही त्याच ओघात उणे ४० वर चढला. बोलणाऱ्याने काहीच वेगळं केलेलं नसतं.

यावरचा तोडगा साधा होता: कॉम्प्रेसरला 'ऐकू' जाणाऱ्या सिग्नलमध्ये उंच पट्टीचे आवाज आधीच वाढवायचे. मग यंत्राला 'स' मोठा वाटतो आणि ते त्यालाही दाबतं. 'स'ची बोच कमी करणाऱ्या डी-एसरचं मूळ हेच. पुढे डीबीएक्स कंपनीच्या ९०२ या यंत्राने उंच पट्ट्याची तुलना एकूण आवाजाशी केली, त्यामुळे हळू बोललेला 'स'ही पकडला जाऊ लागला.

मराठीत मात्र एकच पट्टा नेमून चालत नाही. 'स'चा जोर साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झच्या आसपास, तर 'श'चा ३ च्या पुढेच सुरू होतो. ७ वर लावलेला डी-एसर 'सासरे' गुळगुळीत करतो आणि 'शेवटी' तसाच सोडतो. जास्त ओढला, की निवेदक बोबडा वाटतो. 'चमचा'मधला 'च' बोथट वाटू लागला, की समजावं हात सैल करायला हवा.

श्वासाचा इलाज टेपच्या जमान्यात ब्लेडने होई. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या टेपवर ०.४ सेकंदाचा श्वास म्हणजे साडेसात सेंटिमीटरचा तुकडा. तो कापून त्याजागी त्याच खोलीच्या शांततेची टेप जोडता येई. जिभेची टचटच मात्र पाचेक मिलिसेकंदांची, म्हणजे टेपवर जेमतेम एक मिलिमीटर. ती ब्लेडच्या आटोक्यातली नव्हतीच. चांगला निवेदक पाण्याचा घोट घेऊन पुन्हा वाचे, आणि मला वाटतं आजही सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे.

नंतर नॉइज गेट आले. उंबरठ्याखालचा आवाज ते बंद करतात, पण श्वासासोबत खोलीचा गुंजारवही जातो आणि वाक्यांमध्ये खड्डे पडल्यासारखे वाटतात. शब्दाच्या अखेरचा मंद 'ह'ही कापला जातो. म्हणून जाणकार श्वास पुसत नाहीत, ८ ते १० डेसिबल खाली आणतात.

टचटचीवरचं औषध जुन्या तबकड्यांनी दिलं. केंब्रिज विद्यापीठात पीटर रेनर यांच्या गटाने ओरखड्यांचे खटके शोधून, आजूबाजूच्या नमुन्यांवरून तेवढाच तुकडा गणिताने नव्याने भरण्याच्या पद्धतीवर काम केलं. १९८८ मध्ये स्थापन झालेली सीडर ऑडिओ ही कंपनी त्याच कामातून निघाली. तबकडीचा खटका आणि तोंडाचा खटका दोन्ही अगदी थोडा वेळ टिकतात, म्हणून तेच गणित निवेदनाला लागू पडलं.

अडचणही तिथूनच येते. 'ट', 'क', 'प' यांचा सुटतानाचा स्फोटही तितकाच आखूड असतो. संवेदनशीलता वाढवली, की यंत्र त्यालाच खटका समजून भरून टाकतं आणि 'पाट' ऐकताना शेवटी काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. फक्त काढलेला भाग ऐकवण्याची सोय अनेक सॉफ्टवेअरमध्ये असते. त्यात नुसती टिकटिक ऐकू आली तर ठीक. शब्द ओळखता आले, तर संवेदनशीलता कमी करावी. आणि हे काम कॉम्प्रेसरच्या आधी उरकावं, कारण एकदा तो लागला की उरलेली प्रत्येक टचटच वरच्या हिशेबातल्या श्वासासारखीच ५ डेसिबलने चढते.