चोराचे टू-स्टेप व्हेरिफिकेशन

दुसऱ्याच्या खात्यात शिरलेल्या माणसाने तिथे स्वतःचा फोन जोडून टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर ओळख पटवण्याची दुसरी पायरी, सुरू करणे आणि खऱ्या मालकालाच बाहेर ठेवणे, हा खातेचोरीचा एक प्रकार. हा प्रकार ईमेल, इन्स्टाग्राम, फेसबुक अशा अनेक सेवांवर घडतो. या नोंदीत गुगल खात्याचे उदाहरण घेतले आहे, कारण बहुतेकांची बाकीची खाती त्याच ईमेलला बांधलेली असतात.

समजा, एका शिक्षिकेने बनावट पानावर जीमेलचा पासवर्ड टाकला. तिच्या खात्याला दुसरी पायरी नव्हती, म्हणून चोर रात्री दीड वाजता सरळ आत आला. सुरक्षेच्या पानावर जाऊन त्याने ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडायला घेतले. पडद्यावर आलेला क्यूआर कोड त्याने स्वतःच्या फोनने स्कॅन केला. त्या चौकटीत एक गुप्त किल्ली असते. ती आणि चालू वेळ यांवरून फोन दर ३० सेकंदांनी नवा सहा अंकी कोड काढतो, त्यासाठी त्याला इंटरनेटही लागत नाही. आता ही किल्ली फक्त दोन ठिकाणी आहे: गुगलकडे आणि चोराच्या फोनमध्ये. मग त्याने पासवर्ड आणि रिकव्हरीचा नंबर बदलला.

सकाळी शिक्षिका अडकते ती इथेच. पासवर्ड परत मिळवला तरी पुढची पायरी चोराच्या फोनमधला कोड मागते. पासवर्ड बदलल्याने ती किल्ली रद्द होत नाही, खात्यातून ती नोंद काढावी लागते. त्याने पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने आत शिरण्याची सोय, जोडली असेल तर तीही पासवर्ड बदलल्यावर तशीच राहते. अनेकजण पुन्हा पुन्हा पासवर्ड बदलत बसतात आणि महत्त्वाचे तास हातचे जातात.

आधी पाहावे, खाते अजून कुठे उघडे आहे का. चोराने पासवर्ड बदलला की बहुतेक उपकरणे आपोआप बाहेर पडतात, तरी घरचा जुना लॅपटॉप किंवा टॅब तपासावा. कुठेच उघडे नसेल तर `g.co/recover` हे पान उघडावे, तेही नेहमीच्याच फोनवरून, नेहमीच्या ब्राउझरमधून आणि घरच्या किंवा कामाच्या नेहमीच्या जागेवरून. गुगल याच खुणांवरून माणूस ओळखते. सायबर कॅफेतून किंवा मित्राच्या फोनवरून प्रयत्न केला तर दावा कमकुवत होतो. आठवतो तो शेवटचा खरा पासवर्ड द्यावा. कोड मागितला तर `Try another way` निवडावे. रिकव्हरीचा नंबर किंवा ईमेल चोराने बदलला असला, तरी बदलानंतर सात दिवस जुन्या नंबरावर किंवा ईमेलवर कोड पाठवण्याचा पर्याय गुगल देऊ शकते. म्हणून उशीर करू नये आणि जुने सिम बंद पडू देऊ नये. दुसरी पायरी हाताशी नसताना शहानिशेला तीन ते पाच कामाचे दिवस लागू शकतात. त्या काळात वाट पाहावी.

आत शिरल्यावर घाई होते ती आनंदाने, आणि चोर पुन्हा येतो तो त्याच घाईमुळे. `2-Step Verification`च्या पानावर त्याचे ऑथेंटिकेटर, फोन नंबर आणि पासकी एकेक काढावी. फोन हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड नव्याने काढावेत. हे दहा कोड असतात, नवे काढले की जुने निकामी होतात. पासवर्ड बदलावा, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आपला लावावा, अनोळखी उपकरणे बाहेर काढावीत, खात्याला जोडलेली परकी अ‍ॅप्स तोडावीत. मगच आपल्या फोनने दुसरी पायरी नव्याने सुरू करावी.

जीमेलच्या सेटिंगमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंग पाहायचे मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. चोर तिथे असा नियम ठेवू शकतो की गुगलची प्रत्येक सूचना थेट कचऱ्यात जावी. असे झाले तर मालकाला खाते परत मिळते, पण पुढच्या घुसखोरीचा इशारा कधी दिसतच नाही. फॉरवर्डिंग चालू असेल, तर बँकेचे ओटीपी आणि इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे चोराकडेही जात राहतात.

या वाटेलाही मर्यादा आहेत. आधीपासून रिकव्हरीचा नंबर किंवा ईमेल नव्हता आणि ओळखीचे उपकरणही उरले नाही, तर गुगल दावा नाकारू शकते. त्यासाठी फोनवर बोलून खाते परत देणारे केंद्र गुगलकडे नाही. इंटरनेटवर सापडणारा ‘हेल्पलाइन’ नंबर ठगाचाच समजावा, आणि ‘पैसे घेऊन खाते परत मिळवून देतो’ म्हणणाराही तसाच. पोलिसांकडे तक्रार केल्याने खाते उघडत नाही, पण त्या खात्यातून कोणाला पैसे मागितले गेले असतील तर तिची नोंद कामाला येते. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी.