लाकडी फर्निचरचे पॉलिश : मेलामाइन, पीयू आणि तेल

लाकडी सामानावर शेवटी चढवला जाणारा पारदर्शक थर किंवा लाकडात मुरवलेले तेल, या दोन्हींना व्यवहारात ‘पॉलिश’ म्हणतात. पूर्वी घरोघरी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने घासलेले पॉलिश असे. आज सागवान, शिसव किंवा विनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ काप लावलेले प्लायवूड घरात आले की कारागीर तीन पर्याय पुढे ठेवतो : मेलामाइन, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, आणि नैसर्गिक तेल. नमुन्याच्या पट्टीवर तिन्ही छानच दिसतात, म्हणून चकाकीवरून निवड करणे फारसे उपयोगाचे नाही. पॉलिश कोणत्या ऋतूत होणार आणि खराब झाल्यावर ते कसे दुरुस्त होणार, या दोन गोष्टींनी निवड ठरवावी.

मूळ फरक थराचा आहे. मेलामाइन आणि पीयू लाकडाच्या वर पातळ, कडक पापुद्रा तयार करतात. हात लाकडाला लागत नाही, पापुद्र्याला लागतो. तेल मात्र रेषांमध्ये शिरते, तिथेच हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि वर जवळजवळ काहीच उरत नाही. पापुद्रा पाणी, चहा, हळद यांना अडवतो, पण एकदा फुटला की तेवढाच भाग बेमालूम जुळवणे कठीण जाते. तेल डाग अडवण्यात कमी पडते, पण ओरखडा पडलेल्या जागी बारीक सँडपेपर फिरवून पुन्हा तेल चोळता येते आणि ठिगळ दिसत नाही.

मेलामाइन : हे दोन डब्यांचे पॉलिश आहे. मूळ द्रवात आम्लयुक्त हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया सुरू होते आणि थर कायमचा कडक होतो. नंतर थिनर लावला तरी तो सहजासहजी विरघळत नाही. जेवणाच्या मेलामाइनच्या ताटल्या याच रसायनाच्या कुळातल्या. लाकडावर ते किंचित पिवळसर, उबदार छटा आणते. सागवानाला ती शोभते. पांढुरक्या विनियरवर मात्र ती काही वर्षांनी आणखी पिवळी होऊन डोळ्यांना खुपते. काम झटपट होते, खर्च पीयूपेक्षा कमी येतो, आणि बहुतेक कारागिरांचा हात या कामाला सरावलेला असतो. वाळताना येणारा डोळे चुरचुरवणारा वास फॉर्मल्डिहाइडचा असतो. तो काही दिवस राहतो, म्हणून घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर काम घराबाहेर करून घेणे बरे.

मेलामाइनची खरी कमजोरी कडकपणात आहे. अस्सल लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पापुद्रा तेवढा ताणला जात नाही. त्यात जास्त चकाकीच्या हौसेपोटी कारागिराने जाड थर चढवला असेल तर सांध्यांजवळ केसासारख्या बारीक भेगा येतात. प्लाय आणि विनियर फारसे हलत नाहीत, म्हणून कपाटाची दारे, पलंगाचा डोक्याकडचा भाग, भिंतीवरचे पॅनेल अशा विनियरच्या कामाला मेलामाइन पुरेसे असते. बाल्कनीत किंवा पावसाचे शिंतोडे येणाऱ्या जागी ते लावू नये.

पीयू : हेही बहुधा दोन डब्यांचे असते, पण त्याचा हार्डनर आयसोसायनेट वर्गातला असतो. थर कडक असूनही थोडा लवचिक राहतो, त्यामुळे लाकडाची हालचाल सोसतो. ओरखडे, पाणी आणि घरगुती साफसफाईची रसायने यांना तो चांगला तोंड देतो. दिसायला दोन टोकांची रूपे मिळतात : आरशासारखे ग्लॉसी आणि लाकूड नुसते पुसल्यासारखे वाटणारे मॅट. रोजच्या वापरात ग्लॉसीवर बोटांचे ठसे आणि तिरप्या उजेडात बारीक ओरखडे लगेच दिसतात. मॅटवर ते झाकले जातात, पण एकाच जागी वर्षानुवर्षे घासले की तेवढा पट्टा चमकू लागतो. कामाच्या टेबलावर मनगट टेकते तिथे हे हमखास होते.

‘पीयू पिवळे पडत नाही’ हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. हार्डनर ॲरोमॅटिक प्रकारचा असेल तर उन्हात तोही पिवळा पडतो. ॲलिफॅटिक प्रकारचा बराच काळ स्वच्छ राहतो, पण महाग असतो. खिडकीजवळच्या किंवा पांढऱ्या छटेच्या लाकडासाठी हा प्रश्न विचारूनच डबा घ्यावा. पाण्यातले पीयूही मिळते : डब्यात दुधासारखे दिसते, वाळल्यावर पारदर्शक होते, वास फार कमी येतो. पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहतात, ते बारीक पेपरने बसवून पुढचा हात द्यावा लागतो.

मेलामाइनच लावून पीयूचे पैसे घेतल्याच्या तक्रारी या व्यवसायात नवीन नाहीत. वाळल्यावर नुसत्या नजरेने दोन्हींत फरक करणे अवघड असते, म्हणून पाहायचे ते काम चालू असताना. मेलामाइनला हार्डनर अगदी थोडा, साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास लागतो. दोन डब्यांच्या पीयूला तो मूळ द्रवाच्या निम्मा किंवा कधी कधी बरोबरीने लागतो. रिकामे डबे ठेवून घ्यायला सांगितले तरी बराचसा घोळ टळतो.

तेल : इथे कोणतेही तेल चालत नाही. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल हवेत घट्ट होत नाही. ते चिकट राहते, धूळ धरते आणि खवट वास देते. पॉलिशला लागते ते ‘सुकणारे’ तेल : जवसाचे किंवा टुंग नावाच्या झाडाच्या बियांचे. विदर्भातल्या शेतात पिकणाऱ्या आणि चटणीत जाणाऱ्या त्याच जवसाचे कच्चे तेल क्रिकेटच्या बॅटीलाही लावतात. मात्र कच्चे तेल सुकायला फार दिवस घेते. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल’ मिळते. त्यात धातूंचे सुकवणारे क्षार घातलेले असल्याने ते लवकर सुकते, आणि त्याच कारणाने ते खाण्याचे राहत नाही. पोळपाट किंवा चॉपिंग बोर्डला ते लावू नये.

तेलाने लाकूड गडद होते, रेषा खोल दिसतात आणि हाताला लाकूडच लागते. चांगल्या सागवानी फळीवर याच्या तोडीचे रूप कोणताही पापुद्रा देत नाही, असे या नोंदीचे मत आहे. पण काम संयमाचे आहे. पातळ हात द्यायचा, दहा-पंधरा मिनिटांनी उरलेले सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसायचे, किमान एक दिवस थांबायचे आणि मग दुसरा हात. पुसायचा कंटाळा केला की वर चिकट साय धरते आणि ती आठवडाभरही वाळत नाही. सागवान आणि शिसव यांच्यात स्वतःचे तेलकट घटक असतात, ते तेल सुकणे लांबवतात. म्हणून आधी लाकूड थिनरच्या फडक्याने पुसून घेतात. कोकणासारख्या दमट हवेत जवसाच्या तेलावर बुरशीही चढू शकते, तेव्हा बंद, हवा न खेळणाऱ्या खोलीतल्या सामानाला ते नको. कोकणात काजूच्या टरफलाचे तेल होडीला आणि घराच्या लाकडाला लावतात, पण ते कातडीला भाजते. बसण्या-उठण्याच्या फर्निचरसाठी त्याचा विचार करू नये.

एक धोका गंभीर आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टोपलीत टाकली तर सुकण्याच्या क्रियेतली उष्णता आतच कोंडते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती पसरून उघड्यावर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

आता एक प्रत्यक्ष निवड पाहू. मुंबईतल्या फ्लॅटसाठी अस्सल सागवानाचे सहा फूट बाय तीन फूट जेवणाचे टेबल बनते आहे आणि जून तोंडावर आला आहे. रोज गरम पातेली, सांडलेली आमटी, मुलांच्या वह्या. इथे तेलाला हळदीचे डाग पेलवणार नाहीत. उन्हात ते फिके पडतात, पण जेवणाचे टेबल उन्हात कोण ठेवतो? मेलामाइन चालेल, पण फळी अस्सल आहे, ती हलणार. तेव्हा पीयू, मॅट.

पण पावसाळा मध्ये येतो. ओलसर हवेत मेलामाइनचा थर वाळताना पांढरट, दुधाळ होतो; थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला दमट अंश त्यावर बसतो. पीयूचा हार्डनर तर पाण्याशी थेट क्रिया करून वायू सोडतो, आणि थरात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे अडकतात. म्हणून काम एकतर पावसाआधी उरकायचे किंवा उघडीप मिळेपर्यंत थांबायचे. लाकूडही वाळलेले हवे. ओलावा मोजायच्या यंत्रावर आकडा १२ टक्क्यांच्या आसपास असावा. तो बराच जास्त असेल तर कोणतेही पॉलिश टिकणार नाही.

फळी रेषांच्या दिशेने १२० नंबरच्या पेपरने, मग १८०, मग २२०ने घासायची. आडवा घासलेला ओरखडा पॉलिशखाली ठळक उठून दिसतो. धूळ काढून थिनरच्या फडक्याने पुसायचे, मग लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या सीलरचे दोन हात, मध्ये ३२० नंबरचा पेपर. त्यावर पीयूचे दोन पातळ हात स्प्रेने. दोन हातांमध्ये एक दिवसाहून जास्त अंतर पडले तर पुन्हा हलका पेपर मारावा लागतो, नाहीतर वरचा थर खालच्याला धरत नाही. स्प्रे करणाऱ्याने वाफेसाठीचा मास्क घालायलाच हवा, कापडी रुमाल पुरत नाही. आयसोसायनेटने दमा जडतो. वर हात लावण्याइतके ते काही तासांत वाळते, पण पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. तोवर टेबलक्लॉथ आणि गरम भांडी दूरच ठेवायची.

फळीची खालची बाजूही सील करायची, हे बहुतेक वेळा राहून जाते. वरून बंद आणि खालून उघडी फळी एकाच बाजूने दमट हवा शोषते आणि पहिल्याच पावसाळ्यात वाकते. तेव्हा दोष लाकडाला दिला जातो.

देखभालीत फरक सोपा आहे. पापुद्र्याच्या पॉलिशला किंचित ओले सुती फडके आणि लगेच कोरडे फडके एवढेच पुरते. नेलपॉलिश काढायचे द्रव आणि स्पिरिट त्यापासून लांब ठेवावे. चमक आणणारे सिलिकॉनचे स्प्रे टाळावेत : सिलिकॉन एकदा पृष्ठभागावर बसले की पुढे पुन्हा पॉलिश करताना नवा थर जागोजागी फाटून गोल खळगे पडतात. तेलाच्या सामानाला वर्षातून एक-दोनदा पातळ हात लागतो. कधी लागतो हे पाण्याचा थेंब सांगतो : थेंब गोल उभा राहिला तर अजून वेळ आहे, पसरून लाकूड काळवंडले तर तेल संपले.

जुन्या सामानावर नवे पॉलिश चढवताना आधीचे कोणते ते न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासतात. स्पिरिटच्या बोळ्याने थर मऊ होऊन चिकटला तर ती लाख. स्पिरिटला दाद न देता साध्या थिनरने विरघळला तर ते लॅकर, म्हणजे नुसता थिनर उडून वाळणारे पॉलिश. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू. त्यावर पेपर मारून त्याच जातीचा नवा हात देता येतो. लाख किंवा लॅकरवर मेलामाइन थेट मारले की खालचा थर सुरकुततो, म्हणून तो आधी पूर्ण खरवडून काढतात. अलीकडेच तेल लावलेल्या लाकडावर पीयू धरत नाही, पापुद्रे सुटतात. उलट पापुद्रा असलेल्या सामानाला तेल लावून काहीच होत नाही, ते वरच राहते आणि पुसले जाते.