गाडीचं ॲव्हरेज आणि दोन ॲव्हरेजचं ॲव्हरेज, भाऊ हे एक नाही

आपल्याकडे मायलेजले ॲव्हरेजच म्हणतात. "काऊन बे, तुही गाडी ॲव्हरेज किती देते?" असंच विचारतात, आणि मले वाटते सगळा गोंधळ या शब्दानंच केला आहे. गाडीचं ॲव्हरेज म्हणजे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. आता जातानाचा एक आकडा, येतानाचा एक आकडा, दोन्हींची बेरीज करून दोननं भागलं की जे निघते त्यालेही लोक ॲव्हरेजच म्हणतात, आणि तोच आकडा ग्रुपवर टाकून पैसे मागून राहिले. दर सुट्टीनंतर हेच. आणि शेवटी ज्याची गाडी त्याच्याच खिशाले भोक.

बाकीचा हिशोब तुम्हाले येते, तो पटकन उरकतो. किलोमीटर भागिले ॲव्हरेज म्हणजे लिटर, लिटर गुणिले भाव म्हणजे पेट्रोलचे पैसे, त्यात टोल टाका, माणसांनी भागा. यात कोणाची गाडी अडत नाही. (जायचेच किलोमीटर धरून यायचे विसरणारे असतात, पण त्यांच्यासाठी मी लिहून नाही राहिलो.)

आता शिर्डीचंच घ्या. समृद्धीनं नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. घरून शिवमडक्यापर्यंतचे आणि शिर्डीच्या आतले थोडे वेगळे, ते सध्या सोडा. पेट्रोल १०४ रुपये धरू, तुमच्या पंपावर जे असेल ते टाका. आई धरून चौघं निघाले, मोठी गाडी, रस्ता मोकळा, एसी सुरू, काटा ११५-१२० वर. ॲव्हरेज पडलं १३. येताना मागं बसलेल्या आईनं ८५ च्या वर जाऊच दिलं नाही, ॲव्हरेज आलं २०. तीच गाडी, तोच रस्ता, आणि एवढा फरक पडू शकते कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढते, ८० चा १२० केला तर सव्वादोनपट होते.

ग्रुपवरचा हुशार माणूस काय करते, १३ अधिक २० भागिले २, साडेसोळा. १०४० किलोमीटरले साडेसोळानं भागलं, ६३ लिटर, झाले ६,५५५ रुपये. पण टाकीतून गेलं किती? जाताना ५२० भागिले १३, म्हणजे ४० लिटर. येताना ५२० भागिले २०, म्हणजे २६ लिटर. एकूण ६६ लिटर, ६,८६४ रुपये. खरं ॲव्हरेज १०४० भागिले ६६, म्हणजे पावणेसोळाच्या जवळपास, साडेसोळा नाही. तीनशे रुपये कमी जमा झाले आणि ते कोणाले दिसलेही नाही, कारण आकडा दिसायले एकदम बरोबर दिसते.

असं का होते ते एकदा डोक्यात बसलं की पुन्हा चुकत नाही. रस्ता दोन्ही वेळा सारखाच होता, पण वाईट ॲव्हरेजच्या रस्त्यावर गाडीनं जास्त लिटर पिलं, म्हणून एकूण हिशोबात त्या १३ चं वजन २० पेक्षा जास्त आहे. दोननं भागणारा दोघांले सारखंच वजन देते. साडेसोळा बरोबर कधी आलं असतं माहीत आहे? जर दोन्ही वेळा सारखंच पेट्रोल जाळलं असतं तर. १० लिटरवर १३० किमी, मग १० लिटरवर २०० किमी, एकूण २० लिटरवर ३३० किमी, हे घ्या साडेसोळा. पण आपण लिटर सारखे ठेवून फिरत नाही ना, जाऊन परत येतो, अंतर सारखं असते. आणि अंतर सारखं असलं की दोननं भागलेला आकडा खऱ्यापेक्षा नेहमीच जास्त निघते. म्हणजे चूक प्रत्येक वेळी गाडीवाल्याच्याच अंगावर.

अंतर सारखं नसलं तर ती दुसऱ्याच्याही अंगावर जाऊ शकते. समजा ५२० किमी हायवेवर १८ दिलं आणि ६० किमी गावात ट्रॅफिकमध्ये ९ दिलं. दोननं भागून साडेतेरा, त्यानं ५८० किमीचे झाले ४३ लिटर. खरे गेले साडेपस्तीस. इथं गाडीवाल्यानं दोस्तांकडून साडेसातशेच्या वर जास्त घेतले, आणि बिचाऱ्याले वाटून राहिलं आपण इमानदारीनं मागितले.

म्हणून माझं म्हणणं एकच, ॲव्हरेजची बेरीज करूच नका, लिटरची करा. निघताना नागपुरात ऑटो कटपर्यंत टाकी फुल. नोझल कट झाल्यावर "राऊंड फिगर करून द्या" म्हणून वरून दाबून भरायचं नाही, तिथंच हिशोब बिघडते. वाटेत २५ टाकलं, शिर्डीत पुन्हा फुल केलं तर १५ आलं, म्हणजे जातानाचे ४०. परत आल्यावर पुन्हा फुल, २६ आलं, म्हणजे येतानाचे २६. निघतानाची फुल टाकी यात धरायची नाही. डॅशबोर्डवरचा आकडा मी फक्त बघतो, त्यावर पैसे मागत नाही, एक तर तो बऱ्याच गाड्यांत थोडा चढवून दाखवते आणि दुसरं म्हणजे शिर्डीत कोणीतरी ट्रिप रिसेट करून ठेवते, मग घरी आल्यावर त्याचे दोन तुकडे उरतात आणि लोक ते तुकडे पुन्हा दोननं भागतात!

लिटर जाता-येता वेगळे लिहून ठेवले की दुसरं भांडणही मिटते. समजा चौथा भाऊ शिर्डीवरून पुढं मुंबईले निघून गेला, परतीत आई धरून तिघंच. टोल समृद्धीवर कारले १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरमागं २ रुपये ६ पैसे, म्हणजे एका बाजूचे साधारण १,०७०. टोल गाडीवर लागते, आत किती माणसं हे तो पाहत नाही, म्हणून ज्या बाजूले जितके बसले तितक्यांनीच भागायचा. जाताना ४,१६० अधिक १,०७०, झाले ५,२३०, चौघांत १,३०८. येताना २,७०४ अधिक १,०७०, झाले ३,७७४, तिघांत १,२५८. मुंबईवाल्यानं १,३०८ द्यायचे, बाकीच्यांनी २,५६६. सरळ ९,००४ भागिले ४ केलं असतं तर त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर २,२५१ बसले असते, न बसलेल्या सीटचे.

आईचे पैसे मी कोणाले मागत नाही, ते माझ्याकडून. पण ८५ च्या वर न जाऊ दिल्यानं १४ लिटर वाचले, तिच्या येतानाच्या वाट्यापेक्षा जास्तच, हे मात्र मी ग्रुपवर टाकलं.