न धुतलेला डीएनए आणि एक छोटं पत्र

जुलै २०२५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाने 'आर्सेनिकवर जगणाऱ्या जिवाणू'चा लेख मागे घेतला, तेव्हा मडगावच्या माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे त्यांनी फसवलं होतं?" नाही. लबाडीचा आरोप कुणीच केला नव्हता. प्रयोगांतून तो निष्कर्ष निघत नाही, एवढंच संपादकांचं म्हणणं होतं, आणि लेखकांना तेही मान्य नव्हतं. हा आक्षेप मात्र १४ वर्षं जुना होता. २०११ साली त्याच नियतकालिकाने मूळ लेखासोबत आठ छोटी टीकापत्रं आणि लेखकांचं उत्तर छापलं होतं.

दावा असा होता: कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जीएफएजे-१ हा जिवाणू फॉस्फरस न मिळाल्यास डीएनएमध्ये त्याच्या जागी आर्सेनिक बसवतो. परग्रहावरच्या जीवांच्या वावड्या तर लेख यायच्या आधीच उठल्या होत्या. त्या आठांपैकी एक पत्र सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफील्ड यांचं. त्यात या वावड्यांचा मागमूस नाही. त्यांनी लेखातलाच एक आकडा उचलला.

'फॉस्फेट न घातलेल्या' द्रावणातही क्षारांबरोबर आलेलं फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच संयुग, होतं, लिटरला सुमारे ३ मायक्रोमोल. हे नगण्य वाटतं, पण हिशेब करून पाहा. एका मिलिलीटरमध्ये ते होतं सुमारे १८०० लाख कोटी कण. तेवढ्याच द्रावणात पेशी वाढल्या साधारण २ कोटी. भागाकार केला की एका पेशीच्या वाट्याला ९ कोटी कण येतात. या जिवाणूचा जनुकसंच, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, सुमारे ३५ लाख बेस-जोड्यांचा. जोडीला दोन फॉस्फेट धरले तर गरज ७० लाखांची. आरएनएला याच्या कित्येक पट लागतं, तरीही ९ कोटींत भागतं. मग वाढ आर्सेनिकमुळेच झाली, असं म्हणायला आधार राहत नाही.

दुसरा मुद्दा धुण्याचा. डीएनए जेल या जेलीसारख्या थरातून सरकवून त्या जेलचा तुकडाच थेट तपासला होता. त्यातून डीएनए वेगळा काढून शुद्ध केला नव्हता. खारा बांगडा न धुता चाखला, तर मीठ मासात मुरलंय की वर चिकटलंय, हे कसं ओळखणार? इथेही तसंच: आर्सेनिक दिसलं, पण ते साखळीत गुंफलेलं की नुसतं सोबत आलेलं, हे ठरत नाही.

या पत्राची मर्यादाही मला तितकीच महत्त्वाची वाटते. भागाकाराने फॉस्फरस पुरेसा होता हे दिसलं. डीएनएत आर्सेनिक नाही, हे त्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी रेडफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच जिवाणू वाढवला आणि त्याचा डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात घनतेनुसार वेगळा करून तपासला. २०१२ मध्ये निकाल छापून आला. धुतलेल्या डीएनएत साखळीला जोडलेलं आर्सेनिक सापडलं नाही.