रेघ नीट ओढली म्हणजे दुरुस्ती झाली?

अन्न प्रयोगशाळेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना ‘नोंदीत चूक झाली तर काय कराल?’ असं झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर येतं: एक आडवी रेघ, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर नाही, खोडरबर नाही, पेन्सिल नाही. बरोबर आहे, यावर शब्द खर्च करत नाही. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाच्या २००५ च्या आवृत्तीत रेघेचा नियम असाच लिहिलेला होता. २०१७ च्या आवृत्तीत (कलम ७.५.२) मूळ आणि बदललेला असा दोन्ही मजकूर जपा, काय बदललं, कधी आणि कोणी ते कळलं पाहिजे, असं सांगितलंय. संगणकावरच्या नोंदीलाही तेच लागू.

वैताग येतो तो पुढे. हीच मुलं ‘दुरुस्ती आणि फेरफार यांत फरक काय?’ या प्रश्नालाही तेच रेघेचं उत्तर देतात. रेघ ओढली तर दुरुस्ती, व्हाइटनर लावला तर फेरफार. काही गाइडांत चक्क असंच छापलेलं असतं. ते साफ चूक आहे, आणि ते कुठे चुकतं हे टोन्ड दुधाच्या एका वर्कशीटवर दाखवतो.

टोन्ड दुधात फॅट किमान ३.० टक्के हवं. ते मोजायची पद्धत गर्बर: ब्युटिरोमीटर या खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच, हलवणं, सेंट्रिफ्यूज, ६५ अंशांचा वॉटर बाथ आणि मग वेगळ्या झालेल्या फॅटच्या स्तंभाचं वाचन. मी एकदा एका ठिकाणी जुनी वर्कशीटं चाळत होतो. एका नमुन्याचे दोन्ही आकडे २.८. दोन्हींवर सुबक एकेक रेघ, शेजारी ३.० आणि ३.०, सही, तारीख, आणि कारण म्हणून ‘वाचनातली चूक’. रेघेच्या नियमाने पाहिलं तर शंभर टक्के निर्दोष पान.

आता जरा थांबून बघा. ब्युटिरोमीटरवरची सर्वांत बारीक खूण ०.१ ची. म्हणजे दोन वेगवेगळ्या नळ्या वाचताना त्याच माणसाने दोन्हींत नेमक्या दोन-दोन खुणा चुकवल्या, आणि त्याही एकाच दिशेने? बरं, असंही होऊ शकतं म्हणू. पण सेंट्रिफ्यूजच्या लॉगबुकात त्याच नमुना क्रमांकाच्या दोन फेऱ्या होत्या, साधारण तासाभराच्या अंतराने. वाचन चुकलं असेल तर तीच नळी पुन्हा बाथमध्ये धरून पुन्हा वाचतात, नवं दूध आणि नवं आम्ल घालून पहिल्यापासून चाचणी लावत नाहीत. वर्कशीटवर एक चाचणी, लॉगबुकात दोन. रेघ नियमाप्रमाणे होती, तिच्या शेजारचं कारण खोटं होतं.

म्हणून दुरुस्ती आणि फेरफार यांतला फरक रेघेत शोधू नका, तो कारणात आहे. दुरुस्तीत आपण नोंद प्रत्यक्षात जे घडलं त्याच्याशी जुळवतो: नळीत ३.२ दिसलं, हाताने २.३ लिहिलं गेलं, लगेच लक्षात आलं, रेघ ओढली. फेरफारात नोंद हव्या असलेल्या उत्तराशी जुळवली जाते. दोन्हींची रेघ सारखीच दिसते.

यातला खरा गोंधळ मात्र तिसऱ्याच जागी होतो, आणि तो प्रामाणिक माणसांचाही होतो: निकाल रद्द कधी करायचा? कारण चाचण्या खरोखर फसतात. आम्ल जास्त तीव्र असलं किंवा मिश्रण फार तापलं तर दूध करपतं आणि फॅटच्या स्तंभाखाली काळे कण जमतात. आम्ल सौम्य पडलं तर तिथे पांढरट दही राहतं. अशा नळीचं वाचन ग्राह्य नाही, ते रद्द करून चाचणी पुन्हा लावणं हा फेरफार नव्हे.

मी शिकाऊंना एकच प्रश्न विचारायला लावतो. समजा याच नळीत ३.४ आलं असतं, तरी तू ही नळी फेकली असतीस का? काळे कण दिसत असतील तर ‘हो’. कण ३.४ लाही तितकेच काळे. स्तंभ स्वच्छ, पिवळसर, आणि तरीही २.८ आलं, तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ आहे. आकडा नको होता, एवढंच कारण उरतं. त्यातूनच ‘पास होईपर्यंत रिपीट’ हा प्रकार सुरू होतो: २.८, २.८, पुन्हा २.९, मग एकदाचं ३.०, आणि रिपोर्टात शेवटचं तेवढं. औषध क्षेत्रात या सवयीवर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात न्यायालयाने बोट ठेवलं होतं. दुधाच्या टेबलावर प्रकार तोच.

मग २.८ आल्यावर करायचं काय? पहिली गोष्ट, नळी रिकामी करायची नाही. हा मुद्दा परीक्षेतही विचारतात आणि लोक हमखास चुकतात. नळी हातात असेपर्यंत स्तंभ तपासता येतो, पुन्हा ६५ अंशांवर धरून वाचता येतो, दुसऱ्याला दाखवता येतो. धुतली की पुरावा मोरीत गेला. मग वरिष्ठांना कळवायचं आणि कारण शोधायचं: आम्लाची बाटली, पिपेट, आणि सगळ्यात संशयित म्हणजे नमुना. थंड दुधात साय झाकणाला आणि बाटलीच्या कडेला चिकटते. नमुना कोमट करून, बाटली सावकाश उलटसुलट करून एकजीव केला नसेल तर पातळ दूध मोजलं जाऊ शकतं. झाकणाला साय दिसतेय का, ते बघून तसं लिहा. दिसत असेल तर फेरचाचणीला आधार आहे. तरीही जुने २.८, शोधलेलं कारण आणि नवे आकडे, तिन्ही वर्कशीटवर राहतात. कारण सापडलं नाही तर २.८ हाच निकाल. ‘कारण सापडलं नाही, म्हणजे काहीतरी चुकलंच असणार’ हे वाक्य मला कुणी ऐकवू नये.

सरासरीबद्दलही सांगतो, कारण परीक्षेतल्या पर्यायांत ती फार गोंडस दिसते. २.८ आणि नंतरच्या ३.२ ची सरासरी ३.० येते म्हणून नमुना पास करणं म्हणजे नापास आकडा पास आकड्याच्या पोटात लपवणं. एकाच वेळी लावलेल्या दोन नळ्यांची सरासरी वेगळी. ती पद्धतीतच असते, आणि दोन वाचनांत किती अंतर चालेल हेही तिथेच ठरलेलं असतं.

आता असा एक प्रश्न सोडवू. ‘विश्लेषकाला मर्यादेबाहेरचा निकाल मिळाला. पर्यवेक्षक म्हणतात, पुन्हा लाव. (अ) पुन्हा लावून नवा निकाल नोंदवावा. (ब) जुन्यावर रेघ ओढून सही-तारखेसह नवा लिहावा. (क) दोन्हींची सरासरी घ्यावी. (ड) मूळ निकाल व नळी जपून कारणाचा शोध घ्यावा, फेरचाचणी झालीच तर सर्व आकडे नोंदवावेत.’ अर्धा वर्ग (ब) ला जातो, कारण त्यात ‘रेघ’ आणि ‘सही-तारीख’ हे ओळखीचे शब्द आहेत. पेपर काढणाऱ्याने ते त्याचसाठी घातलेत. उत्तर (ड).