कच्चं वजन की शिजलेलं? एका खिचडीचा हिशोब

आहारशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हमखास पडणारा प्रश्न: घरची एखादी पाककृती करा आणि एका वाटीतून किती ऊर्जा, किती प्रथिनं मिळतात ते काढा. मुलं पदार्थ छान करतात, आकडेमोडही नीट करतात, पण 'वजन' म्हणून कोणता आकडा घ्यायचा इथेच घसरतात. आपण मूगडाळीची साधी खिचडी घेऊ, कारण तिच्यात ही गफलत फार सहज होते.

साहित्य असं: तांदूळ १०० ग्रॅम, मूगडाळ ५० ग्रॅम, तेल १० ग्रॅम, पाणी ५०० मिली, मीठ-हळद. म्हणजे धान्य आणि डाळ मिळून १५० ग्रॅम. खिचडी झाल्यावर वाढलेली वाटी काट्यावर ठेवली, रिकाम्या वाटीचं वजन वजा केलं, तर तीही १५० ग्रॅम. दोन्ही आकडे सारखेच दिसतात, पण त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे.

अन्नघटकांच्या तक्त्यात धान्य-डाळींचे आकडे कच्च्या, खाण्याजोग्या १०० ग्रॅमचे असतात. तांदळाच्या ओळीत ३४५ किलोकॅलरी आणि ६.८ ग्रॅम प्रथिनं दिसतात, ती कोरड्या तांदळाची, भाताची नव्हे. म्हणून गुणाकार कच्च्या वजनावरच करायचा. तांदळाच्या ३४५, डाळीच्या १७४ (१०० ग्रॅमला ३४८), तेलाच्या ९०. सगळ्या पातेल्याच्या मिळून ६०९ किलोकॅलरी. प्रथिनं तांदळातून ६.८ आणि डाळीतून १२.२५, म्हणजे सुमारे १९ ग्रॅम.

शिजलेल्या वजनाचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते फक्त वाटणीचं. रिकामं पातेलं ४८० ग्रॅम, खिचडीसकट १०८० ग्रॅम, म्हणजे खिचडी ६०० ग्रॅम. वजन चौपट झालं ते पाण्यामुळे, आणि पाण्यात कॅलरी नसतात. १५० ग्रॅमची वाटी म्हणजे पातेल्याचा चौथा हिस्सा, म्हणून १५२ किलोकॅलरी आणि ४.८ ग्रॅम प्रथिनं. ज्यानं वाटीतल्या १५० ग्रॅमलाच तक्त्याचे आकडे लावले, त्याच्या एका वाटीत पाचशेच्या वर किलोकॅलरी येतात. असा आकडा आला की तिथेच थांबावं. पाणी शोषून शिजलेल्या साध्या खिचडीच्या १०० ग्रॅमला सुमारे १०० किलोकॅलरी येतात. ३४० च्या आसपास आल्या, तर आपण नकळत कच्चं धान्य खायला घातलं आहे असं समजावं.

मी मुलांना एक पद्धत सांगते: आधी वाटीचं कच्चं साहित्य लिहा. चौथा हिस्सा म्हणजे तांदूळ २५ ग्रॅम, डाळ १२.५, तेल २.५. मग प्रत्येकाच्या ओळीत तक्त्याचा आकडा. व्हायवात परीक्षकांनी 'हे १५० कुठून आलं?' विचारलं, तर उत्तर समोर लिहिलेलं असतं. तेल विसरू नका. खिचडीचं वजन तेलानं फारसं वाढत नाही, पण वाटीतल्या १५२ पैकी २२ किलोकॅलरी त्याच्या आहेत.

शिजलेलं वजन मात्र दरवेळी मोजायलाच हवं. हीच खिचडी उघड्या पातेल्यात जास्त आटली आणि ५४० ग्रॅम भरली, तर पातेल्याच्या ६०९ किलोकॅलरी तशाच राहतात, पण १५० ग्रॅमच्या वाटीत १६९ येतात. शेजारच्या टेबलावरचं शिजलेलं वजन उसनं घेऊन जर्नलमध्ये लिहिणं म्हणूनच चालत नाही. बुडाशी लागलेली खरवडही वजनात धरा, तिच्यातही तांदूळ-डाळच आहे.

वरचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांचे आहेत. त्याच संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. तांदळासमोर १४९१ दिसलं तर ४.१८४ नं भागा, ३५६ किलोकॅलरी येतात. प्रथिनंही तिथे ७.९४ आहेत. तांदूळ एका पुस्तकातून आणि डाळ दुसऱ्यातून घेऊ नका, आणि कोणता तक्ता वापरला ते वर लिहा.

एक मर्यादा मात्र हिशोबातच आहे. खिचडीचं पाणी आपण ओतून देत नाही, म्हणून ऊर्जा आणि प्रथिनं कच्च्या साहित्यावरून धरली तरी चालतं. उष्णतेनं नासणारं क जीवनसत्त्व आणि थायमिन असे सरळ उतरवता येत नाहीत. पेज काढून भात केला तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं पेजेबरोबर जातात, आणि थोडं पिष्टही. अशा वेळी उत्तराखाली 'शिजवताना होणारी घट धरलेली नाही' असं एक वाक्य जरूर लिहा.