नावाआधीचा श्री. आणि नावातला श्री

संस्थेच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे. नावं लिहिली तशीच आहेत: कुणापुढे श्री., कुणापुढे सौ., मधेच डॉ. आणि प्रा. अशी यादी अकारविल्हे लावली की ती नावांनुसार लागतच नाही. आधी सगळ्या कु. येतात, मग डॉ., मग प्रा., मग श्री., आणि शेवटी सौ. म्हणजे अविवाहित मुली, डॉक्टर, प्राध्यापक, पुरुष, विवाहित स्त्रिया असे गट पडतात. त्यातही कुणी 'श्री' टिंबाशिवाय टंकला असेल तर तो टिंबवाल्या सगळ्या श्रीं.च्या आधी जाऊन बसू शकतो. संगणकाच्या वर्णक्रमात मोकळ्या जागेचा क्रमांक टिंबाच्या आधी आहे, त्यामुळे नुसत्या क्रमांकांवर लावलेल्या यादीत 'श्री रमेश' वर आणि 'श्री. अनिल' खाली दिसतो.

उपाय सरळ वाटतो: उपाध्या छाटा आणि मग क्रम लावा. इंग्रजीत 'मिस्टर' किंवा 'डॉक्टर' छाटणं बरंचसं बिनधोक आहे, कारण त्या अक्षरांनी सुरू होणारी नावं फारशी नाहीत. मराठीत मात्र उपाध्यांची लघुरूपं नेमकी नावांच्या पहिल्या अक्षरांसारखी आहेत. 'श्री'ने सुरू होणारं सगळं उडवलं तर श्रीकांतचा 'कांत' होतो, सौरभचा 'रभ', प्राचीची 'ची', डॉलीची 'ली'. चिंतामणमधून 'चि' काढला तर उरलेल्या तुकड्याच्या सुरुवातीला अनुस्वार लोंबकळत राहतो. पडद्यावर तो बहुधा तुटक रेषेच्या गोलावर बसलेला दिसतो. छाटणीनंतरच्या यादीत असा गोल दिसला, की कात्री नावाच्या आत शिरली आहे हे नक्की समजावं.

इथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आठवतं ते `\b`, म्हणजे 'इथे शब्द संपतो' असं सांगणारी खूण. तिने काम होईल असं वाटतं, आणि होतं बरोबर उलटं. पायथॉनमध्ये करून बघा:

```python
import re
p = r'^(श्री|सौ|कु|डॉ)\b'
re.sub(p, '', 'कुमार')      # 'मार'
re.sub(p, '', 'कु. वर्षा')   # 'कु. वर्षा'
```

जे छाटायचं होतं ते जागेवर, आणि जे राखायचं होतं ते तुटलं! पायथॉनच्या नेहमीच्या `re`च्या लेखी शब्द म्हणजे अक्षरं आणि अंक. देवनागरीतला 'क' अक्षर आहे, पण त्याच्या खालचा उकार ही जोडखूण आहे, अक्षर नव्हे. सीमा असते ती अक्षर आणि अक्षर नसलेलं चिन्ह यांच्यामध्ये. 'कुमार'मध्ये उकारानंतर 'म' येतो, म्हणजे तिथे सीमा सापडते. 'कु.' मध्ये उकारानंतर टिंब येतं. दोन्ही त्याच्या हिशेबी अक्षरं नाहीत, म्हणून तिथे सीमाच नाही. मराठी उपाध्या बहुतेक काना-मात्रा-वेलांटीने संपतात, त्यामुळे हा घोटाळा अपवादाने नव्हे तर जवळजवळ प्रत्येक वेळी होतो.

तेव्हा सीमेच्या भरवशावर न राहता उपाधीनंतर काय यायला हवं ते स्पष्ट सांगावं: टिंब, नाहीतर मोकळी जागा.

```python
p = r'^(?:(?:श्रीमती|श्री|सौ|कु|डॉ|प्रा|चि)(?:\.\s*|\s+))+'
re.sub(p, '', 'प्रा.डॉ. सौ. उषा')   # 'उषा'
re.sub(p, '', 'सौरभ')               # 'सौरभ'
```

शेवटचं अधिकचिन्ह एकापुढे एक लागलेल्या उपाध्यांसाठी आहे. लग्नपत्रिका आणि संमेलनांचे फलक पाहिलेल्यांना त्याची गरज वेगळी सांगायला नको. वकिलांच्या 'ॲड.'ला मात्र थोडी जास्त मेहनत लागते. तो 'ॲ' एका चिन्हाने लिहिता येतो, 'अ'वर अर्धचंद्र देऊन लिहिता येतो, किंवा त्या दोघांच्या मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालूनही. डोळ्याला तिन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते तीन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. तिन्ही रूपं यादीत घालावी लागतात.

एवढं केल्यावर सभासदांची यादी बहुतेक सुरळीत लागते. ग्रंथालयाच्या लेखकसूचीवर हाच नियम चालवला की खरी अडचण समोर येते. श्री. म. माटे. यातला 'श्री.' हा श्रीपादचा आहे. श्री. के. क्षीरसागरांचा श्रीकृष्णाचा. चि. वि. जोशी म्हणजे चिंतामण विनायक, लग्नपत्रिकेतले चिरंजीव नव्हेत. आपला नियम माट्यांना 'म. माटे' करून श मधून म मध्ये ढकलतो, आणि चि. विं.ना नुसते 'वि. जोशी' करून दुसऱ्याच एखाद्या जोशींच्या शेजारी बसवतो.

टिंब इथे काहीच मदत करत नाही, कारण ते दोन्हीकडे आहे. मदत करते ती आपली नाव लिहिण्याची पद्धत. आद्याक्षरांनी नाव लिहिताना आपण सहसा दोन अक्षरं देतो, एक स्वतःचं आणि एक वडिलांचं (किंवा पतीचं), आणि मग आडनाव. म्हणून 'श्री.' किंवा 'चि.' भेटला की त्याच्या पुढे किती आद्याक्षरं आहेत ते मोजायचं. दोन असतील तर हा श्री. उपाधी आहे, काढा: 'श्री. वि. वा. शिरवाडकर'. एकच असेल तर हा श्री. स्वतःच पहिलं आद्याक्षर आहे, हात लावू नका. एकही नसेल आणि पुढे पूर्ण नाव असेल तर पुन्हा उपाधी. डॉ. आणि प्रा. यांची गणना आद्याक्षरांत करायची नाही.

'डॉ. श्री. व्यं. केतकर' घेऊन पाहू. डॉ. ही निःसंशय उपाधी, काढली. उरलं 'श्री. व्यं. केतकर'. श्री.च्या पुढे 'व्यं.' हे एकच आद्याक्षर आहे, म्हणून थांबलो. श्रीधर व्यंकटेश केतकर शाबूत राहिले. ज्यांनी मराठीत ज्ञानकोश रचला त्यांचंच नाव अनुक्रमात चुकलं असतं तर फारच वाईट दिसलं असतं. वरच्या नियमातल्या अधिकचिन्हाने मात्र डॉ. आणि श्री. एकदमच उडाले असते. तेव्हा छाटणी एका झटक्यात न करता एकेक पायरीने करायची आणि प्रत्येक पायरीला पुढचं बघायचं.

हा नियम फसतो ते 'श्री. र. जोशी' अशा कार्यालयीन नोंदीवर, जिथे लिहिणाऱ्याने एकच आद्याक्षर दिलेलं असतं. त्यावर संगणकीय तोडगा नाही. अशा नोंदी वेगळ्या काढून माणसाने बघाव्यात. त्या फार नसतात.

म्हणूनच मूळ नावाचा रकाना कधी बदलू नये. शेजारी क्रमासाठी दुसरा रकाना करावा, छाटलेलं रूप त्यात ठेवावं, यादी त्यावर लावावी आणि छापताना मूळ नाव छापावं. तिसऱ्या रकान्यात काय छाटलं ते लिहिलं तर तपासणी सोपी होते. जिथे टिंब नसताना काही निघालं आहे त्या ओळी आधी बघाव्यात. 'श्री कांत' असं तोडून टंकलेलं नाव तिथेच सापडतं.

लघुरूपांपेक्षा पूर्ण शब्दांच्या उपाध्या मी यादीत जपूनच घालतो. 'राजा' ही उपाधी धरली तर राजा परांजपे आणि राजा गोसावी नुसत्या आडनावावर येतात. आडनाव आधी लिहिलेल्या यादीत तर गंमतच होते. तिथे 'संत इंदिरा' अशी नोंद असते, आणि संतांच्या हिशेबात कवयित्रीचं आडनाव जातं. पंडित, आचार्य ही आडनावं तशीच, आणि पारशी मंडळींत डॉक्टर आणि वकीलसुद्धा. आडनाव आधी असलेल्या यादीत टिंब नसलेला कुठलाही शब्द छाटायचा नाही, असा मी सरसकट नियम ठेवला आहे. त्यात एखादा खराखुरा 'पंडित' न छाटता राहतो, पण तो यादीत दिसतो तरी. छाटलेलं आडनाव शोधायला कुठे जाणार?